फुप्फुसात गुठळी: सीटीचा रिपोर्ट हातात आल्यावर

लांबचा प्रवास झाला, आठवड्याभरात धाप लागायला लागली, डॉक्टरांनी डाय घालून छातीचा सीटी करायला लावला आणि रिपोर्टच्या शेवटी 'अक्यूट पल्मनरी थ्राँबोएम्बोलिझम' असं लिहून आलं. यानंतर नातेवाइकांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "स्टेंट कधी टाकायचा?" तेव्हा सुरुवात तिथूनच करू.

१. हा हृदयाचा ब्लॉकेज नाही

या सीटीला 'सीटी पल्मनरी अँजिओग्राफी' म्हणतात. नावात 'अँजिओग्राफी' हा शब्द असतो, म्हणून घोळ होतो. हृदयाच्या अँजिओग्राफीत हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या बारीक नळ्या बघतात. तिथे वर्षानुवर्षं चरबी साचून अडथळा होतो आणि स्टेंट लागू शकतो. तुमच्या तपासणीत बघितल्या त्या वाहिन्या वेगळ्या. अंगभर फिरून आलेलं अशुद्ध रक्त हृदयाच्या उजव्या बाजूला जमतं आणि तिथून ज्या धमन्यांनी फुप्फुसात जातं, त्या या धमन्या. त्यांच्या भिंती सहसा चांगल्या असतात. गुठळी तिथे तयार झालेली नसते, दुसरीकडून वाहत येऊन अडकलेली असते. म्हणून इथे स्टेंट नाही. बहुतेकांना औषध पुरतं.

हे ज्या रुग्णावरून समजावतो, त्या बाई इथे नमुन्यादाखल उभ्या केल्या आहेत, पण अशा बऱ्याच जणी येतात. वय 61, वजन 78 किलो, राहणार सांगली. मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला गेल्या होत्या. परतताना पंधरा तासांचं थेट विमान, खिडकीची सीट. शेजारच्या दोघांना उठवायला संकोच, म्हणून पाणी बेताचंच प्यायल्या. सर्दीची गोळी घेतली, तिने गाढ झोप लागली. मुंबईला उतरून लगेच गाडीने सांगली, ते आठ तास वेगळेच. चौथ्या दिवशी डाव्या पोटरीत गोळा आल्यासारखं दुखू लागलं. 'प्रवासाने पाय भरून आले' म्हणून तेल चोळलं. आठव्या दिवशी जिना चढताना धाप लागली आणि श्वास आत घेताना उजव्या बरगडीखाली सुई टोचल्यासारखी कळ येऊ लागली. एक्स-रेत खाली छोटासा डाग होता. न्यूमोनिया समजून दोन दिवस अँटिबायोटिक चाललं, पण ताप असा नव्हताच. मग कोणीतरी पोटरी बघितली.

२. सीटीत काय दिसतं

कोपराच्या घडीत जाड सुई लावतात, कारण डाय सेकंदाला चार-पाच मिलिलिटर इतक्या वेगाने जावी लागते. साधारण 50 ते 80 मिलिलिटर आयोडीनची डाय जाते, अंगात गरम लाट येते, लघवी झाल्यासारखं वाटतं आणि मिनिटभरात ते ओसरतं. डाय फुप्फुसाच्या धमनीत पोहोचल्याचं मशीन टिपतं आणि तेवढ्या काही सेकंदांत चित्र घेतं. डाय भरलेलं रक्त पांढरं शुभ्र दिसतं, गुठळीत डाय शिरत नाही म्हणून ती करडी दिसते. रिपोर्टात 'फिलिंग डिफेक्ट' लिहितात तो हाच करडा भाग. ताजी गुठळी बरेचदा धमनीच्या मधोमध असते आणि तिच्या कडेने डाय वाहते. आडव्या छेदात भोकाच्या पोलो गोळीसारखं पांढरं कडं आणि मध्ये करडा ठिपका दिसतो, आणि रेडिओलॉजिस्ट मंडळी त्याला 'पोलो मिंट साइन' असंच म्हणतात.

टेक्निशियन "जोरात श्वास घ्या" न म्हणता "साधा श्वास घ्या आणि धरा" का म्हणतो, तेही सांगतो. खोल श्वास ओढला की पोटाकडून येणारं बिनडायचं रक्त एकदम वर खेचलं जातं आणि नेमक्या क्षणी धमनीतली डाय फिकी पडते. मग गुठळी नसताना असल्यासारखं वाटू शकतं किंवा असलेली झाकली जाते. धाप लागलेल्या माणसाला श्वास धरणं जड जातंच, आणि छाती हलली की बारीक फांद्या धूसर होतात. म्हणून रिपोर्टाच्या वरच्या भागात तपासणीच्या दर्जाबद्दल एक ओळ असते, ती वगळू नका. 'बारीक शाखा नीट तपासता आल्या नाहीत' असं लिहिलं असेल आणि गुठळी फक्त एका बारीक शाखेत संशयित असेल, तर तुमच्या डॉक्टरांनी रेडिओलॉजिस्टशी फोनवर बोलावं. ही विनंती करायला लाजू नका. शेवटच्या बारीक शाखेतली एकुलती एक गुठळी वाचण्यात तज्ज्ञांचंही मतभेद होतात.

मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल आणि मूत्रपिंड कमकुवत असेल, तर डायनंतर 48 तास ती थांबवायला सांगतात. मूत्रपिंड ठीक असेल तर सहसा थांबवावी लागत नाही, तरी विचारून घ्या.

३. रिपोर्टात तीन जागी थांबा

पहिली जागा: गुठळी कुठे आहे. मुख्य धमनी दोन बाजूंना फुटते, तिच्या शाखा फुप्फुसाच्या खंडांना जातात, त्यांच्या शाखा खंडाच्या भागांना आणि पुढे आणखी बारीक. मुख्य धमनीच्या दुभागणीवर आडवी पडलेली गुठळी 'सॅडल' म्हणून लिहितात आणि तो शब्द वाचून घरचे हादरतात. पण जागेवरून धोका ठरत नाही. सॅडल गुठळी असलेला माणूस पलंगावर बसून चहा पीत असतो आणि त्याचा रक्तदाबही नीट असतो, असंही बघायला मिळतं. उलट, आधीच हृदय किंवा फुप्फुस खराब असलेल्याला मध्यम आकाराची गुठळीही झेपत नाही.

दुसरी जागा: नवी की जुनी. मधोमध तरंगणारी, किंवा धमनी फुगवून पूर्ण बंद करणारी गुठळी ताजी असते. भिंतीला चिकटून सपाट झालेली, जाळ्यासारखे धागे टाकलेली किंवा धमनी आक्रसवलेली जुनी. 'क्रॉनिक' हा शब्द दिसला तर हिशेब बदलतो, कारण मग हा एकाच प्रवासाचा प्रकार नसतो आणि पुढची तपासणी लागते.

तिसरी जागा सगळ्यात मोलाची, आणि नातेवाईक नेमकी तीच चुकवतात: हृदयाची उजवी बाजू. एरवी डावा कप्पा उजव्यापेक्षा मोठा दिसतो. फुप्फुसाची वाट अडली की उजव्या कप्प्याला जोर लावावा लागतो आणि तो ताणून मोठा होतो. रिपोर्टात 'आरव्ही-एलव्ही रेशो' लिहितात. तो 1 च्या वर गेला, किंवा मधला पडदा डावीकडे ढकलला गेला, तर उजव्या हृदयावर ताण आहे असं समजायचं. त्याला ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारा घटक, आणि इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, यांची जोड दिली की चित्र पूर्ण होतं.

आपल्या बाईंच्या रिपोर्टाचा सार असा: उजव्या खालच्या खंडाच्या धमनीत आणि तिच्या दोन शाखांत ताजी गुठळी, डावीकडे एका शाखेत छोटी, उजव्या फुप्फुसाच्या कडेला पाचरीच्या आकाराचा लहान डाग, आरव्ही-एलव्ही रेशो 0.8. तो पाचरीसारखा डाग म्हणजेच एक्स-रेतला 'न्यूमोनिया'. रक्त न पोहोचल्याने फुप्फुसाचा तेवढा तुकडा दुखावला होता. फुप्फुसाला स्वतःला दुखणं कळत नाही, त्याच्या आवरणाला कळतं, म्हणून कडेच्या डागाने श्वास घेताना कळ येते. गंमत अशी की लहान, कडेची गुठळी जास्त दुखते आणि मधली मोठी नुसती धाप देते.

नाडी 104, रक्तदाब 130/80, ऑक्सिजन 94, ट्रोपोनिन नॉर्मल, कॅन्सर नाही, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार नाही. हा कमी धोक्याचा गट. अशा माणसाला एक-दोन दिवसांत घरी सोडतात, आणि त्याचा अर्थ 'हॉस्पिटलने टाळलं' असा नसतो. उजव्या हृदयावर ताण आणि ट्रोपोनिन वाढलेलं, तर काही दिवस मॉनिटरखाली ठेवतात. वरचा रक्तदाब 90 च्या खाली टिकून राहिला तरच सहसा गुठळी विरघळवणारं जोराचं इंजेक्शन देतात, कारण त्याने मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका असतो. "मग आम्हालाही तेच द्या, लवकर विरघळेल," हा आग्रह धरू नका.

४. आली कुठून, आणि प्रवासाचा दोष किती

बहुतेक वेळा पायाच्या खोल शिरांतून. पोटरीचे स्नायू हलले की शिरांतलं रक्त वर ढकललं जातं. गुडघे वाकवून तासन् तास बसलं की ते साचतं. बाईंच्या डाव्या गुडघ्यामागच्या शिरेत डॉपलर सोनोग्राफीत उरलेली गुठळी सापडली. दोन्ही पायांची पोटरी टेपने मोजली तेव्हा डावी तीन सेंटीमीटरहून जास्त जाड होती. हे घरीही मोजता येतं: गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून दहा सेंटीमीटर खाली, दोन्हीकडे सारख्याच जागी. मोजा, पण एका पायावरच सूज दिसली तर चोळू नका.

यात विमानाचा दोष विमान म्हणून फारसा नाही, बसण्याचा आहे. 1940 साली लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा लोक रात्ररात्र तळघरांत आरामखुर्च्यांवर बसून काढत. तिथे अचानक फुप्फुसातल्या गुठळीने मरण पावलेल्यांची नोंद कीथ सिम्पसन या डॉक्टरांनी त्याच वर्षी केली होती. चार तासांवर एका जागी बसून केलेला बस, रेल्वे किंवा गाडीचा प्रवासही याच हिशेबात येतो. नागपूर-पुणे रात्रीची बस घ्या, नाहीतर गणपतीत कोकणात जाताना घाटात अडकलेली गाडी.

तरी प्रमाण लक्षात घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने 2007 साली मांडलेल्या अभ्यासानुसार चार तासांहून लांब प्रवासाने धोका साधारण दुप्पट होतो, पण मुळात तो इतका कमी आहे की निरोगी माणसात सहा हजारांत एक असा हिशेब येतो. म्हणून प्रवास झाला की शोध संपला असं डॉक्टर मानत नाहीत. ते विचारतील: आधी कधी गुठळी झाली होती का, घरात कोणाला, अलीकडे ऑपरेशन किंवा प्लास्टर, गर्भनिरोधक किंवा हार्मोनच्या गोळ्या, वजन आपोआप उतरणं. पाळी लांबवायच्या गोळ्यांचाही उल्लेख करा. तीर्थयात्रेआधी त्या सर्रास घेतल्या जातात आणि 'औषध' म्हणून कोणी सांगत नाही.

५. गोळ्यांचे पहिले तीन आठवडे

रक्त पातळ करणारी गोळी गुठळी विरघळवत नाही. ती नवी गुठळी होऊ देत नाही आणि असलेली वाढू देत नाही. विरघळवायचं काम शरीर स्वतः, आठवड्यांच्या हिशेबाने करतं. म्हणून दहाव्या दिवशी जिन्यावर थोडी धाप लागली तर औषध फसलं असं नाही. आठ दिवसांनी पुन्हा सीटी करून बघण्यातही अर्थ नसतो, आणि डी-डायमर ही गुठळीच्या संशयात करतात ती रक्ताची चाचणी परत परत करण्यात तर अजिबात नाही.

खरी गडबड डोसमध्ये होते. बाईंना रात्री नऊला पोटावर हेपरिन जातीचं इंजेक्शन दिलं आणि दुसऱ्या दिवशी, 4 तारखेला सकाळी नऊपासून रिव्हारोक्झाबॅन सुरू केलं. पहिले 21 दिवस 15 मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, म्हणजे 42 गोळ्या, 24 तारखेच्या रात्रीपर्यंत. 25 पासून 20 मिलिग्रॅमची एकच, रोज त्याच वेळी. हा बदल डिस्चार्ज कार्डावर एका ओळीत असतो आणि हमखास निसटतो. कोणी 15 ची दोनदा पुढेही चालू ठेवतात आणि नाकातून रक्त येतं. कोणी पट्टी संपली म्हणजे कोर्स संपला समजून थांबतात, आणि हे जास्त धोक्याचं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर 25 तारखेला गोल करा आणि 20 च्या गोळ्या चार दिवस आधीच आणून ठेवा. अपिक्साबॅन दिलं असेल तर आकडे वेगळे: 10 मिलिग्रॅम दोनदा सात दिवस, मग 5 मिलिग्रॅम दोनदा. दुसऱ्याच्या कागदावरून आपला डोस ठरवू नका.

रिव्हारोक्झाबॅनच्या या दोन्ही गोळ्या जेवणाबरोबर घ्यायच्या, रिकाम्या पोटी त्या कमी शोषल्या जातात. एकादशीला साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ चालतात, ते अन्नच आहे. निर्जळी उपवास मात्र या काळात नको. दोनदा घेण्याच्या काळात सकाळची विसरली तर आठवल्या क्षणी घ्या. संध्याकाळी आठवलं तर दोन्ही एकत्र घेऊन दिवसाच्या 30 मिलिग्रॅम पूर्ण करा. एकदाच घेण्याच्या काळात मात्र काल चुकली म्हणून आज दोन, असं करायचं नाही.

काहींना किंमत परवडत नाही किंवा मूत्रपिंडामुळे या गोळ्या चालत नाहीत, मग वॉरफरीन किंवा असिट्रोम देतात. तिथे आयएनआर ही रक्ताची चाचणी 2 ते 3 च्या मध्ये ठेवावी लागते आणि पहिले निदान पाच दिवस इंजेक्शन बरोबर चालतं. पालक, मेथी बंद करायची नसते. खाण्याचं प्रमाण आठवड्या-आठवड्याला सारखं ठेवायचं, एवढंच.

कोणत्याही गोळीवर असताना गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन मेडिकलमधून परस्पर आणू नका, पॅरासिटामॉल चालतं. क्षयरोगाचं रिफाम्पिसिन किंवा फिटची फेनिटोइन, कार्बमाझेपिन चालू असेल तर आधीच सांगा. त्यांनी रिव्हारोक्झाबॅनचा असर उतरतो. दात काढायचा असेल तर गोळी आपल्या मनाने बंद न करता दाताच्या डॉक्टरांना तुमच्या डॉक्टरांशी बोलायला लावा.

चालणं बंद करू नका. "गुठळी सुटेल, हलू नको" हा सल्ला शेजारपाजारचे आवर्जून देतात. औषध सुरू झाल्यावर आणि डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावर घरात, मग अंगणात चालणं बरंच.

६. कधी थेट दवाखाना गाठायचा

बसल्या जागी धाप, चक्कर येऊन पडणं, ओठ निळसर, छातीत नवी कळ, किंवा थुंकीत नुसती रेघ नव्हे तर चमचाभर रक्त: 108 ला फोन करा, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. काळी डांबरासारखी शौच, डोक्याला मार (बाहेरून काही दिसत नसलं तरी), अचानक प्रचंड डोकेदुखी, ही औषधाच्या बाजूची धोक्याची चिन्हं. खिशात किंवा पर्समध्ये गोळीचं नाव आणि डोस लिहिलेली चिठ्ठी ठेवा. अपघात झाला तर तिथल्या डॉक्टरला तीच पहिल्यांदा लागते. हिरड्यांतून थोडं रक्त, हातावर निळा डाग, हे फोनवर सांगण्यासारखं.

७. तीन महिन्यांनी, आणि पुढचं तिकीट

औषध किमान तीन महिने. तेव्हा डॉक्टर दोन गोष्टी ठरवतात. एक, थांबवायचं की चालू ठेवायचं. मोठ्या ऑपरेशननंतर झालेली गुठळी असेल तर बहुधा थांबवतात. प्रवास हे त्यामानाने हलकं कारण धरलं जातं, म्हणून वजन, आधीची गुठळी, रक्तस्रावाचा धोका असं सगळं मांडून निर्णय होतो आणि काहींना कमी डोसवर पुढे ठेवतात. दोन, धाप गेली का. शंभरात साधारण दोन ते चार जणांत गुठळी पुरती विरघळत नाही आणि फुप्फुसाच्या धमन्यांतला दाब वाढून राहतो. तीन महिने औषध नीट घेऊनही एक मजला चढताना थांबावं लागत असेल, तर 'वय झालं' म्हणून सोडू नका. इको, आणि गरज पडली तर फुप्फुसात हवा आणि रक्त कुठे पोहोचतं ते दाखवणारा व्हीक्यू स्कॅन करून घ्या. या आजारावर ऑपरेशनसकट उपचार आहेत, पण सापडला तर.

विमानाबद्दल: पहिले दोन ते चार आठवडे सहसा थांबायला सांगतात, आणि तब्येत स्थिर झाल्यावर डॉक्टरांच्या होकाराने जाता येतं. तिकीट काढताना कडेची सीट मागा. तासा-दीड तासाने उठा. उठता आलं नाही तर टाचा जमिनीला टेकवून चवडे वर, मग चवडे टेकवून टाचा वर, असं वीस-पंचवीस वेळा करा. झोपेची गोळी नको. कमी पाणी प्यायल्यानेच गुठळी होते याचा पुरावा तसा कच्चा आहे, पण पाणी प्यायलं की लघवीला उठावंच लागतं, आणि आपल्याला तेच हवं आहे. गुडघ्यापर्यंतचे दाबाचे मोजे मापाने घ्या. माप सकाळी, सूज यायच्या आधी द्या. पायाच्या धमन्यांचा आजार असेल तर मोजे विचारल्याशिवाय घालू नका. गोळी चालू असेपर्यंत मोज्यांची फारशी गरज पडत नाही. गोळी थांबल्यानंतरच्या पहिल्या लांब प्रवासाआधी मात्र डॉक्टरांना भेटा. काही जणांना त्या प्रवासापुरतं औषध द्यावं लागतं आणि ते निघायच्या आदल्या रात्री फोनवर ठरत नाही.